संग्रहालयातल्या वस्तूंचे फोटो आणि मापं घ्यायची परवानगी : साताऱ्यातल्या कट्यारींचं उदाहरण घेऊन

एम.ए.ला असताना मी एका संग्रहालयाला पहिलं पत्र लिहिलं. त्यात वाक्य होतं, "आपल्या संग्रहालयातील सर्व मराठाकालीन शस्त्रांचे छायाचित्रण व मोजमाप करण्याची परवानगी मिळावी." दोन महिने उत्तर आलं नाही. शेवटी मीच चौकशीला गेले. आवक-जावक बघणाऱ्या बाईंनी फाईल उघडून माझं पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "पोरी, ह्याच्यावर साहेब लिहिणार काय? सर्व म्हणजे किती? काचपेट्या कुणी उघडायच्या? किती दिवस?" यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर पत्रात नव्हतं. विषयाचं महत्त्व मात्र मी दीड पान सांगितलं होतं.

आता माझे विद्यार्थी अशी पत्रं लिहितात तेव्हा मी त्यांना त्या बाईंचे तीन प्रश्न सांगते. तुमचा विषय महत्त्वाचा आहे हे अधिकाऱ्याला मान्य असतंच. त्याला ठरवायचं असतं ते वेगळं. किती वस्तू बाहेर काढाव्या लागतील, कुलूप उघडल्यापासून परत लागेपर्यंत किती वेळ जाईल, तेवढा वेळ कोण उभं राहील आणि वस्तूला काही झालं तर काय. पत्र वाचता वाचताच याची बेरीज करता आली, तर परवानगीचा शेरा मारणं त्याला सोपं जातं.

उदाहरण म्हणून साताऱ्यातलं श्री छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय घेऊ आणि एक ठरावीक विषय घेऊ. अभ्यास कट्यारींचा. प्रश्न असा : कोणत्या कट्यारींचं पातं मुठीबरोबरच घडवलेलं आहे आणि कोणत्या कट्यारींना तलवारीचं जुनं पातं कापून, रिव्हेट मारून जोडलेलं आहे? दख्खनेत आणि दक्षिणेत युरोपातून आलेल्या तलवारींची पाती, ज्यांना आपण फिरंगी पाती म्हणतो, अशी कट्यारींना बसवलेली सापडतात. हा प्रश्न मी मुद्दाम निवडला, कारण त्याचं उत्तर काचेबाहेरून मिळत नाही. पात्याची लांबी काचेतून अंदाजानं कळते, जाडी कळत नाही. आणि इथं सगळा निकाल जाडीवरच आहे.

आधी तिकीट काढून जा

पत्र लिहायच्या आधी साध्या प्रेक्षकासारखं संग्रहालयात जा. वही आणि पेन्सिल बरोबर असू द्या. शनिवार-रविवार टाळा. शाळांच्या सहली आणि महाबळेश्वरला निघालेले पर्यटक यांच्या गर्दीत काचपेटीसमोर दहा मिनिटं उभं राहता येत नाही. फोटोंना परवानगी आहे का ते दारातच विचारा. नसेल तर मोबाईल खिशातच ठेवा. पुढं ज्यांच्याकडे परवानगी मागायची आहे, त्यांच्याच दालनात चोरून फोटो काढताना सापडणं फार महागात पडतं.

प्रत्येक कट्यारीसमोर उभं राहून तीन गोष्टी लिहा. ती कोणत्या दालनात, कितव्या काचपेटीत, डावीकडून कितवी आहे. तिच्याजवळच्या पाटीवर काय लिहिलंय ते अक्षर न् अक्षर. आणि ती तुमच्या कामाची आहे असं तुम्हाला का वाटतं. पाटीवर बहुधा नुसतं "कट्यार" आणि फार तर शतक असतं. वस्तूचा नोंद क्रमांक पाटीवर असेलच असं नाही. तो वस्तूवरच बारीक अक्षरांत रंगवलेला असतो, नाहीतर दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली असते. काचेतून दिसला तर उतरवून घ्या. कधी एकाच वस्तूवर दोन क्रमांक दिसतात, एक जुन्या नोंदवहीतला आणि एक नंतरचा. दोन्ही लिहा. कोणता चालू आहे ते कार्यालय सांगेल. तुम्ही एकच लिहिलात आणि तो जुना निघाला, तर तुमची वस्तू त्यांच्या नोंदवहीत सापडणारच नाही.

मग घरी येऊन यादीला कात्री लावा. समजा, वीस कट्यारी पाहिल्या. त्यातल्या काहींची मूठ आणि पातं सरळ एकजीव दिसतंय, काहींना मुठीच्या बुडाशी रिव्हेटची डोकी दिसतायत, काहींचं काचेतून काहीच कळत नाही. तुमच्या प्रश्नासाठी रिव्हेटवाल्या तीन आणि तुलनेला एकजीव वाटणाऱ्या तीन, एवढ्या सहा पुरतात. उरलेल्यांचं निरीक्षण काचेबाहेरूनच लिहायचं. ही वाटणी पत्रात आली की वाचणाऱ्याला दिसतं की तुम्ही वस्तू बघून आला आहात, आणि नेमकी तेवढीच तकलीफ देताय.

यादी करताना आणखी एक बघा : वस्तू संग्रहालयाच्या मालकीची आहे का? १९ जुलै २०२४ला साताऱ्याच्या याच संग्रहालयात वाघनखं लोकांना पाहायला ठेवली, तेव्हा ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून तीन वर्षांसाठी उसनी आलेली होती. अशा उसन्या वस्तूला हात लावायची किंवा तिचे अभ्यासासाठी फोटो काढायची मुभा ज्या संग्रहालयात ती ठेवली आहे त्याला परस्पर देता येत नाही. मूळ मालकाशी झालेल्या करारात काय आहे त्यावर ते ठरतं. तुमच्या यादीत अशी एखादी वस्तू असेल तर तिच्यासाठी वेगळं पत्र करा. एकाच पत्रात घातलीत तर तिच्यापायी बाकीच्या पाचही अडकतील.

पत्र कुणाच्या नावे

साताऱ्याचं हे संग्रहालय राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. औंधचं श्री भवानी संग्रहालयही त्यांच्याकडेच आहे. संचालनालय मुंबईत. संग्रहालयाचे प्रमुख म्हणजे अभिरक्षक. पत्र त्यांच्या नावे लिहा, पण देण्याआधी कार्यालयात विचारून घ्या : काचपेटी उघडून मापं घ्यायची परवानगी इथंच मिळते की मुंबईला पाठवावी लागते? मुंबईला जाणार असेल तर "मा. संचालक" यांच्या नावे दुसरं पत्र करा, वर "मार्फत : मा. अभिरक्षक" असं लिहा आणि ते साताऱ्यातच द्या. थेट मुंबईला टपाल केलंत तर ते बहुधा अभिप्रायासाठी साताऱ्यालाच परत येतं. तेवढे आठवडे वाया जातात, आणि ज्यांच्या दालनात काम करायचंय त्यांना वळसा घातल्यासारखं होतं ते वेगळंच.

तुमच्या बाजूनंही पत्र विभागप्रमुखांमार्फत जायला हवं. मार्गदर्शकांचं शिफारसपत्र, बोनाफाईड आणि ओळखपत्राची प्रत सोबत लावा. शिफारसपत्रात मार्गदर्शकांनी एक वाक्य आवर्जून घालावं : विद्यार्थ्याला वस्तू हाताळण्याचा सराव दिलेला आहे. तो खरोखर द्यायचाही. मी विद्यार्थ्यांना कॉलेजात लोखंडी सळई आणि जुन्या कात्रीवर मापं घ्यायला लावते, हातमोजे घालून, घड्याळ लावून.

पत्राचा नमुना

प्रति,
मा. अभिरक्षक,
श्री छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय,
सातारा.

मार्फत : मा. विभागप्रमुख, इतिहास विभाग, (महाविद्यालयाचे नाव)

दिनांक : ……

विषय : लघुप्रबंधासाठी सहा कट्यारींचे छायाचित्रण व मोजमाप करण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय / महोदया,

मी (नाव), एम.ए. भाग २ (इतिहास) या वर्गात शिकत आहे. "मराठाकालीन कट्यारींच्या पात्यांचे जोडकाम" या विषयावर मी लघुप्रबंध लिहीत आहे. मार्गदर्शक : (नाव, पद). लघुप्रबंध सादर करण्याची अंतिम तारीख …… ही आहे.

दिनांक …… रोजी मी आपले संग्रहालय पाहिले. प्रदर्शित कट्यारींपैकी सहा कट्यारी माझ्या अभ्यासासाठी आवश्यक आहेत. त्यांची यादी परिशिष्ट 'अ' मध्ये दिली आहे. पाते मुठीसह घडवलेले आहे की जोडलेले आहे, हे पात्याच्या जाडीवरून व रिव्हेटच्या मांडणीवरून ठरते. ही मापे काचेबाहेरून घेता येत नाहीत, म्हणून या सहा कट्यारी काचपेटीबाहेर पाहण्याची परवानगी मिळावी, अशी विनंती आहे. इतर कट्यारींचे निरीक्षण मी काचेबाहेरूनच करणार आहे.

प्रत्येक कट्यारीस सुमारे २५ मिनिटे, याप्रमाणे सहा कट्यारींसाठी अडीच तास लागतील. काम एका दिवसात पूर्ण होईल. आपल्या सोयीचा कोणताही कामाचा दिवस चालेल; दिनांक …… ते …… या काळात दिवस मिळाल्यास अभ्यास वेळेत पूर्ण होईल. माझ्यासोबत नोंदी घेण्यासाठी एक सहाध्यायी असेल (नाव, वर्ग).

छायाचित्रे फ्लॅशशिवाय, तिपाईवर कॅमेरा ठेवून घेतली जातील. मोजमापासाठी प्लास्टिकचे कॅलिपर व मऊ फीत वापरली जाईल. वस्तू आपल्या कर्मचाऱ्यांनीच काचपेटीतून काढावी व ठेवावी, अशी विनंती आहे. हाताळताना नायट्राईलचे हातमोजे वापरले जातील. वस्तूवर कोणतेही द्रव्य लावले जाणार नाही, ती पुसली जाणार नाही, तसेच तिचा नमुना घेतला जाणार नाही.

छायाचित्रे केवळ सदर लघुप्रबंधात व त्याच्या सादरीकरणात वापरली जातील. प्रत्येक छायाचित्राखाली संग्रहालयाचे नाव व नोंद क्रमांक देण्यात येईल. अन्यत्र प्रसिद्ध करावयाची झाल्यास स्वतंत्र परवानगी घेतली जाईल. सर्व छायाचित्रे, मोजमापांचा तक्ता व लघुप्रबंधाची एक प्रत संग्रहालयास देण्यात येईल.

नियमानुसार शुल्क अथवा हमीपत्र आवश्यक असल्यास कृपया कळवावे.

आपली विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, भ्रमणध्वनी, ईमेल)

सोबत : १) परिशिष्ट 'अ' : वस्तूंची यादी २) परिशिष्ट 'ब' : मापे व छायाचित्रांचा तपशील ३) मार्गदर्शकांचे शिफारसपत्र ४) बोनाफाईड ५) ओळखपत्रांच्या प्रती

हे सगळं एका पानात बसतं. दुसरं पान लागत असेल तर विषयाची ओळख कापा, अटी आणि वेळ कापू नका.

विषयाच्या ओळीत "सहा" हा शब्द मुद्दाम आहे. टपाल बघणारा माणूस पत्र उघडताना पहिल्यांदा तीच ओळ वाचतो आणि रजिस्टरातही तीच उतरवतो. "काचेबाहेरून घेता येत नाहीत" हे वाक्य पत्राचा कणा आहे. काचपेटी उघडणं हे अधिकाऱ्याच्या दृष्टीनं सगळ्यात मोठं मागणं, आणि त्याचं कारण नेमकं आणि खरं असायला हवं. तुमचा अभ्यास नुसत्या मुठीवरच्या नक्षीचा असेल तर हे वाक्य तुम्हाला लिहिता येणार नाही. मग काचेबाहेरूनच फोटो मागा, परवानगीही लवकर मिळेल.

"वस्तू आपल्या कर्मचाऱ्यांनीच काढावी" ही ओळ विद्यार्थ्यांना कमीपणाची वाटते. तसं नाही. पेटीतून काढताना आणि परत ठेवतानाच बहुतेक अपघात होतात. शेजारच्या वस्तूला मूठ लागते, तारेची अडकवणी निसटते. ते ज्यांनी रोज केलंय त्यांनीच करावं. वस्तू टेबलावर आली की मग तुमचं काम.

पंचवीस मिनिटांचा हिशेब

परिशिष्ट 'अ' म्हणजे सहा ओळींचा साधा तक्ता : अनुक्रमांक, दालन आणि काचपेटी, पेटीतली जागा, पाटीवरचा मजकूर, दिसला असल्यास नोंद क्रमांक, आणि ही वस्तू का हवी ते चार शब्दांत. उदाहरणार्थ, "मुठीच्या बुडाशी रिव्हेटची तीन डोकी दिसतात" किंवा "पाते एकजीव वाटते, तुलनेसाठी".

परिशिष्ट 'ब' मध्ये प्रत्येक कट्यारीचं काय काय घेणार ते. इथं विद्यार्थी हात सैल सोडतात आणि पंचवीस मापं लिहितात. आपल्या प्रश्नाला लागतात ती एवढीच : एकूण लांबी, पात्याची लांबी, पात्याची रुंदी मुळाशी, जाडी तीन ठिकाणी म्हणजे मुळाशी, मध्यावर आणि टोकाच्या दोन सेंटिमीटर आधी, रिव्हेटची संख्या आणि दोन रिव्हेटमधलं अंतर, पात्यावर खोबण असेल तर तिची रुंदी, आणि वजन. फोटो सहा : दोन्ही अंगांनी पूर्ण कट्यार, दोन्ही कडांनी, मुठीचा जोड जवळून, टोक जवळून. त्याआधी एक सातवा, नुसत्या क्रमांकाच्या चिठ्ठीचा.

टोकाजवळची जाडी का घ्यायची ते पत्रात लिहायची गरज नाही, पण विचारलं तर सांगता यायला हवं. कट्यार म्हणूनच घडवलेल्या कित्येक पात्यांचं टोक मुद्दाम जाड ठेवलेलं असतं, चिलखताच्या कड्यांतून घुसताना ते वाकू नये म्हणून. तलवारीचं पातं तसं नसतं, ते टोकाकडे पातळ होत जातं. म्हणून मुळाशी, मध्यावर आणि टोकाशी असे तीन आकडे शेजारी मांडले की पात्याचा मूळ धंदा काय होता याचा बराचसा अंदाज येतो. रिव्हेट आणि खोबण हे त्याचे साक्षीदार. एकट्या रिव्हेटवर विसंबू नका. कट्यारीसाठीच घडवलेल्या पात्यालाही रिव्हेट असू शकते आणि नंतरच्या डागडुजीतही ती मारलेली असू शकते.

आता वेळ. पेटीतून काढून टेबलावर आणायला पाच मिनिटं, फोटोंना दहा, मापांना सात, परत ठेवायला तीन. झाली पंचवीस. हा आकडा मी घरच्या टेबलावर सळई ठेवून काढलेला आहे, आणि पहिल्या खेपेला मला चाळीस मिनिटं लागली होती. तुम्हीही आधी घरी करून बघा, आणि पत्रात तुमचा स्वतःचा आकडा लिहा. पंचवीस लिहून चाळीस लावलीत तर सहाव्या कट्यारीपर्यंत जेवणाची सुट्टी होते आणि ती कट्यार राहून जाते.

पत्र दिल्यानंतर

दोन प्रती घेऊन स्वतः जा. एक प्रत द्या, दुसरीवर पोच घ्या : शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. पुढची प्रत्येक चौकशी त्या क्रमांकावर. नुसतं "मी पत्र दिलं होतं" म्हणत गेलात तर शोधण्यातच सकाळ जाते. शक्य झालं तर अभिरक्षकांना पाच मिनिटं भेटून यादी दाखवा. बऱ्याचदा तिथंच एखादी दुरुस्ती होते : "ही तिसरी पेटी सध्या उघडत नाही, त्याऐवजी ही घ्या." दुरुस्ती झाली तर यादी नव्यानं छापून, तारीख घालून पुन्हा द्या. तोंडी ठरलेलं त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या माणसाला ठाऊक नसतं.

दोन आठवड्यांनी पहिली चौकशी करा. पत्र मुंबईला गेलं असेल तर जावक क्रमांक मागून घ्या. एकूण दोन ते तीन महिने हाताशी ठेवूनच पत्र द्या. लघुप्रबंध मार्चमध्ये द्यायचा असेल तर पत्र दिवाळीच्या आधी गेलेलं बरं. उत्तर काही अटी घालून आलं, समजा सहापैकी चारच उघडू देतो म्हणाले, तर चार घ्या. कोणत्या चार हे मात्र तुम्ही सुचवा : दोन जोडकामाच्या, दोन एकजीव. तुलना राहते.

परवानगी लेखी हवी. तिची मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स बरोबर ठेवा. एक दारावरच्या सुरक्षारक्षकांना लागते.

त्या दिवशी टेबलावर

टेबल भिंतीजवळ, खिडकीच्या थेट उन्हापासून लांब. त्यावर पांढऱ्या फोमचा जाड तुकडा आणि वर करड्या रंगाचं न चमकणारं कापड. अंगठी, घड्याळ, गळ्यात लोंबणारं ओळखपत्र काढून ठेवा. ओढणी असेल तर पाठीमागे बांधा. पेन टेबलावर नको, पेन्सिलच.

हातमोजे सुती का नाहीत असं विचारतात. सुती मोज्यात लोखंड निसटतं, धाग्याला नक्षीची कडा अडकते आणि घाम आरपार येतो. घामातल्या मिठानं लोखंडावर बोटाचा ठसा उमटतो, आणि तो त्या दिवशी दिसत नाही. काही आठवड्यांनी तिथं तांबूस गंज धरतो, आणि तो तुमचाच हे तोवर कुणाला कळतही नाही. म्हणून नायट्राईल. प्रत्येक कट्यारीनंतर मोजे बदललेत तर उत्तम. पात्यावर तेलाचा किंवा मेणाचा पातळ थर असतो, तो संग्रहालयानं मुद्दाम दिलेला असतो. फोटोत चमकतो म्हणून पुसू नका, दिवा हलवा.

स्टीलचं व्हर्नियर घरी ठेवा. त्याचे जबडे लोखंडावर ओरखडा काढतात, आणि मुठीवर सोन्या-चांदीचं कोफ्तकाम असेल तर त्याचा पत्रा उचकटू शकतो. प्लास्टिकच्या कॅलिपरवर ०.१ मिलिमीटर वाचता येतं, आपल्याला तेवढं पुरतं. जबडे पात्याला नुसते टेकवायचे, आवळायचे नाहीत, आणि ओढत न्यायचे नाहीत. मोकळे करून मग उचलायचे. प्रत्येक जाडी तीनदा घ्या आणि तिन्ही आकडे लिहा. समजा ३.४, ३.५, ३.४ आले तर ठीक. ३.४, ४.१, ३.५ आले तर मधल्या वेळी कॅलिपर तिरपं धरलं होतं, पुन्हा घ्या. सहाध्यायीनं आकडा ऐकून मोठ्यानं परत म्हणायचा आणि मग लिहायचा. गंजाची खपली असलेल्या जागी जाडी घेऊ नका, शेजारी घ्या आणि तसं नोंदवा.

फोटोतली एक चूक जवळजवळ प्रत्येकजण करतो. पट्टी टेबलावर ठेवतो आणि कट्यार मुठीच्या जाडीमुळे टेबलापासून उचललेली असते. कॅमेरा पट्टीपासून १०० सेंटिमीटर वर आणि पातं पट्टीपेक्षा २ सेंटिमीटर उंच असेल, तर फोटोत पातं सुमारे दोन टक्क्यांनी मोठं दिसतं. २५ सेंटिमीटरचं पातं साडेपंचवीस भरतं. म्हणजे पाच मिलिमीटरचा खोटा फरक, आणि तुलनेत असे फरक मोठे वाटतात. उपाय सोपा : पट्टीखाली फोमचे तुकडे ठेवून ती पात्याच्या उंचीला आणा. कॅमेरा जवळ आणून रुंद भिंगानं काढण्यापेक्षा लांब ठेवून झूम केलेलं बरं, आकार वाकडा होत नाही. आणि तक्त्यात नेहमी हातानं घेतलेलं माप लिहा, फोटोवरून मोजलेलं नाही.

फ्लॅश का नको, हेही सांगते. कापड, कागद, जलरंगातली चित्रं यांचा प्रकाशानं रंग उडतो, म्हणून तिथं ५० लक्सच्या आसपासच प्रकाश ठेवतात. लोखंडाचं तसं नाही. तरी फ्लॅश नको, कारण गुळगुळीत पात्यावर तो पांढरा डाग होऊन बसतो आणि नेमकी खोबण त्याखाली बुजते. दोन बाजूंनी तिरपा, मंद प्रकाश द्या. जोडाच्या फोटोला एकाच बाजूनं, जवळजवळ सपाट, म्हणजे रिव्हेटचं डोकं आणि जोडाची कड सावलीत उठून दिसते.

प्रत्येक कट्यार परत पेटीत जाण्याआधी क्रमांक एकदा मोठ्यानं वाचा आणि पहिल्या फोटोतल्या चिठ्ठीशी पडताळा. घरी आल्यावर दोन सारख्या दिसणाऱ्या कट्यारींचे फोटो उलटसुलट झाले तर ती चूक सोडवायला पुन्हा पेटी उघडावी लागते, आणि दुसऱ्यांदा ते विचारणं जड जातं.

फोटोंवर हक्क कुणाचा

तुम्ही काढलेल्या फोटोचा कॉपीराइट १९५७च्या कायद्यानं तुमचा. पण परवानगीच्या पत्रात तुम्ही स्वतः अट मान्य केलेली असते, आणि ती पाळावी लागते. इन्स्टाग्रामवर एक फोटो टाकला तरी ती मोडते. परिसंवादात निबंध वाचायचा, नियतकालिकात लेख द्यायचा, तर दर वेळी चार ओळींचं नवं पत्र. पीएच.डी. करत असाल तर एक गोष्ट आधीच लिहा : प्रबंध शोधगंगेवर चढवावा लागतो आणि तिथं तो कुणालाही उघडता येतो. "फक्त प्रबंधासाठी" एवढंच लिहून परवानगी घेतलीत आणि फोटो शोधगंगेवर दिसले, तर संग्रहालयाला वाटेल तुम्ही शब्द मोडलात. म्हणून पत्रातच वाक्य घाला : "विद्यापीठाच्या नियमानुसार प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर उपलब्ध होईल."

काम झाल्यावर आठवड्याभरात फोटो आणि तक्ता पेनड्राईव्हवर घालून संग्रहालयात नेऊन द्या, आणि त्याचीही पोच घ्या. लघुप्रबंधाची प्रत मग परीक्षेनंतर. फोटोच्या फाईलींची नावं नोंद क्रमांकांनी ठेवा. माझ्या एका विद्यार्थिनीनं असा तक्ता नेऊन दिला, तेव्हा तिथल्या सरांनी नोंदवही काढून तिच्या मापांशी ताडून बघितली. एका कट्यारीची लांबी वहीत इंचात लिहिलेली होती आणि तिच्या मापाशी जुळत नव्हती. दोघांनी पुन्हा पेटी उघडली, पुन्हा मोजलं, आणि सरांनी वहीच्या समासात पेन्सिलीनं नवं माप आणि त्या दिवसाची तारीख लिहिली.